पान बदला (कथा)

लेखिका: कोथिंबीरजुडी

मुक्ताने पिशवीतून कढई काढली तशी थोरली काकू हसली. "चाळीस पानांच्या घरात कढईची वानवा पडली होय गं?"

कढईमागोमाग झारा निघाला, छोटं पातेलं, कोरी चाळणी, आणि दोन डबे. एकात तांदळाचं पीठ, दुसऱ्यात डाळीचं. दोन्ही तिने पुण्याला मिक्सरवर दळून आणली होती. शेवटी हिंगाची डबी. काकूने ती उचलून वास घेतला आणि खाली ठेवली. "हिंग पण?"

"या हिंगात तांदळाचं पीठ आहे काकू. नेहमीच्यात कणीक नाहीतर मैदा असतो."

"हिंगात हिंग असतो," काकू म्हणाली आणि गौरीच्या मुखवट्यांकडे वळली.

घरात सगळ्यांना ठाऊक होतं की मुक्ताला 'गव्हाची ॲलर्जी' आहे. सिलिॲक हा शब्द कुणाच्या तोंडी बसला नव्हता. शाळेपासून ती फिकट, काडीसारखी. सात वर्षं लोहाच्या गोळ्या झाल्या, मग शिरेतून लोह दिलं, हिमोग्लोबिन साडेअकरावर चढायचं आणि सहा महिन्यांत आठवर यायचं. अखेर एका डॉक्टरांनी विचारलं, की लोह पोटात जातंय हे ठीक, पण ते आतडं शोषून घेतंय का? रक्ताची तपासणी झाली, मग दुर्बीण घालून लहान आतड्याचे तुकडे काढले. त्याला आता चौदा महिने झाले होते आणि हिमोग्लोबिन पहिल्यांदाच बाराच्या वर टिकलं होतं.

अडचण अशी, की गहू पोटात गेला तरी मुक्ताला लगेच काही होत नसे. उलटी नाही, जुलाब नाहीत. तिसऱ्या दिवशी तोंड यायचं, आठवडाभर अंगात शिसं भरल्यासारखं वाटायचं. आणि या घरात जो आजार बसल्या जागी दिसत नाही, त्याला लाड म्हणतात.

रात्री ती आजीपाशी अळूचे देठ सोलत बसली. आजीची बोटं वाकडी झाली होती, पण साल एका ओढीत निघत होतं.

"किती लागतं?" आजीने एकदम विचारलं.

"काय किती?"

"बाधायला."

मुक्ताने नखाचं टोक दाखवलं. "याहून कमी. आणि गव्हाचा हात लागलेलं दुसरं काही असलं तरी. तेल, झारा, पीठ."

आजी देठ खाली ठेवून जरा वेळ गप्प राहिली. "म्हणजे सोवळ्यासारखं आहे की हे."

मुक्ता काही बोलली नाही. या घरातलं सोवळं तिला आठवत होतं. तेराव्या वर्षी चार दिवस जिन्याखालच्या खोलीत वेगळं ताट घेऊन बसली होती, ते पण.

"हे बघ," आजी म्हणाली, "मी पन्नास वर्षं ओलेत्याने स्वयंपाक केलाय. शिवलं की शिवलं. थोडंसं शिवलं असं काही नसतं. ह्यांना कळायचं नाही ते, ह्यांनी कधी पाळलं नाही. मला सांग, आधी काय, मग काय."

मुक्ताने सांगितलं. आजीने दोनदा वदवून घेतलं.

पहाटे चारला आजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाट टाकून बसली. "हिचं होईस्तोवर कणकेचा डबा कुणी उघडायचा नाही." धाकटी काकू परात घेऊन आली होती, ती परतली. चाळीस पानांची कणीक चाळायला घेतली की पीठ खिडकीच्या गजांवरसुद्धा बसतं, हे आजीला कुणी शिकवायला नको होतं.

डाळ शिजली. कट वेळला, त्यातला दोन वाट्या मुक्ताच्या पातेल्यात आला आणि तिने तिच्या हिंगाची फोडणी देऊन आमटी केली. अळूवडीला तिचं डाळीचं पीठ, भज्यांना तिचंच. पुरणयंत्रात पुरणाखेरीज कधी काही गेलं नव्हतं, त्यामुळे पुरण सगळ्यांचं एकच. पण पोळपाट मांडायच्या आधी आजीने त्यातला मुटका काढून वाटीत ठेवला, वर झाकण घातलं आणि वाटी देवघराच्या कोनाड्यात गेली. साडेसहाला मुक्ताचा डबा बंद झाला. मग परात आली, आणि घर नेहमीसारखं पांढरं झालं.

"एवढं काही नसतं गं," निनाद म्हणाला. तो वैद्यकीयच्या दुसऱ्या वर्षाला. "आतडं भरून येतं ना? मग वर्षातनं एखाद्या दिवशी काय होतंय?"

"तू त्या दिवशीच्या पेपरात हेच लिहिलंस का?" मुक्ताने विचारलं. तो हसून निसटला.

नैवेद्य झाला. काकूने पोळीचा तुकडा सगळ्यांच्या हातावर ठेवला. मुक्तापाशी आल्यावर आजीने कोनाड्यातली वाटी पुढे केली. काकूचा हात हवेत राहिला, मग पुढच्या हातावर गेला.

दुसऱ्या पंगतीला मुक्ता बसली. तिच्या पानावरचं सगळं तिने स्वतः वाढून घेतलं होतं. वरणावर तूप घेताना तिने आपला वेगळा चमचा वापरला, कारण तुपाच्या वाटीतला चमचा पोळीवर टेकून टेकून परत वाटीत जातो. सगळं ठीक चाललं होतं. थोरली काकू कुरडयांची परडी घेऊन ओळीतून आली, आणि मुक्ता लिंबू पिळत असताना तिच्या वरणभातावर एक भलीमोठी कुरडई ठेवून, वर हाताने दाबून, चुरा करून गेली. मुक्ता लहान असताना तिला अशीच आवडायची.

"काकू..."

"खा गं. ही काही गव्हाची नाही. चिकाची आहे."

मुक्ता भाताकडे बघत राहिली. पांढरा चुरा वरणात विरत होता. शेजारची आत्या म्हणाली, वरचं काढून टाक. समोरून निनाद म्हणाला, तेवढ्याने काही होत नाही. काकू परडी कमरेशी धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ती नुसती वाट बघत होती.

"पान बदला," दारातून आजीचा आवाज आला.

"भरलं पान उचलायचं? गौरीच्या दिवशी?"

"उचला. गाईला घाला. तिला दुसरं मांडा, आणि तिचा डबा तिच्यापुढे ठेवा."

पंगतीत कुणी बोलेना. दुसरं पान आलं. मुक्ताने पहिल्यापासून वाढून घेतलं आणि खाली मान घालून जेवली. काकू त्या दिवशी तिसऱ्या पंगतीलाही बसली नाही.

रात्री अकराला मोरीपाशी भांड्यांचा ढीग संपत आला होता. मुक्ताची कढई काकूने वेगळी ठेवली होती. वेगळ्या, कोऱ्या काथ्याने घासत होती. मुक्ता शेजारी बसली.

"तीन दिवस मीच भिजत घालते," काकू मान वर न करता म्हणाली. "रोज पाणी बदलते. मीच वाटते, मीच गाळते. आणि मीच म्हणते, गव्हाची नाही म्हणून."

तिने कढई उपडी घातली. "तो काथ्या तुझ्या पिशवीत टाक. इथे राहिला तर कुणीतरी परातीला लावील."

---

प्रतिसाद

वाटाड्या: छान जमलीये. कुरडईचा प्रसंग डोळ्यापुढे आला. एक सुचवतो. खडा हिंग वापरला तर पिठाचा प्रश्नच येत नाही, तो शुद्ध असतो. आणि आमच्याकडे खपली गहू खातात. खपली जुना, देशी गहू आहे, त्यात हा प्रकार नसतो. हायब्रीड गव्हाने ही दुखणी आणली.

दहीपोहे: मी एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे, या आजाराची मुलं रोज बघते, म्हणून जरा अडवते. वाटाड्या, खपलीत ग्लूटेन, म्हणजे या आजारात बाधणारं गव्हातलं प्रथिन, असतं, चांगलं भरपूर असतं. ते पचायला हलकं वाटतं असं पुष्कळ लोक सांगतात, मी वाद घालत नाही, पण सिलिॲक असलेल्याने खपली खायची नाही. जव, सातू, रवा, शेवया, दलिया, गव्हले, सगळं त्याच यादीत. 'हायब्रीड'चं म्हणाल तर हा आजार गव्हाशी जोडला तो डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाने. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा वॉर्डातली ही मुलं सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा बिघडली. हरितक्रांतीच्या कितीतरी आधीची गोष्ट.

आणि खडा हिंगसुद्धा बहुतेक वेळा पीठ आणि डिंक घालून बांधलेलाच असतो. आकार खड्याचा म्हणजे शुद्ध असं नाही. डबीवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचायचं.

वाटाड्या: हिंगाचं मान्य. खपलीबद्दल मात्र आमच्या वैद्यांनीच सांगितलेलं.

गव्हाणीघुबड: मलाही गव्हाची ॲलर्जी आहे! लहानपणापासून. पोळी खाल्ली की दहा मिनिटांत अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात. एक गोळी घेते की उतरतं. मुक्ताने पण गोळी जवळ ठेवावी ना, एवढं पान बदलण्यापर्यंत कशाला?

दहीपोहे: तुमचं ते वेगळं. तुमच्या ॲलर्जीत शरीर लगेच ओरडतं. सिलिॲकमध्ये शरीर गव्हाच्या निमित्ताने स्वतःच्याच आतड्यावर चालून जातं, हळूहळू, आणि त्यावर गोळी नाही. मात्र ओठ सुजत असतील तर 'गोळी घेते की उतरतं' यावर थांबू नका, डॉक्टरांना एकदा दाखवा.

अरुंधती_क: कथा आवडली, पण एक टोचलं. सोवळ्याला इतकं गोड करून मांडायला नको होतं. आमच्या घरी आजीच्या सोवळ्यात माझी आई चार दिवस गोठ्यात झोपायची. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला त्यांना तर विचारूच नका. त्या डोक्याने कुणाची सोय केली असं वाचताना घास अडकतो.

कोथिंबीरजुडी: अरुंधती, जिन्याखालच्या खोलीचं वाक्य त्यासाठीच ठेवलं होतं. ते पुरेसं नाही हे तुमचं म्हणणं मी मानते. पण एवढंच सांगते, की हे मी कल्पनेतून काढलेलं नाही. माझ्या घरात 'एका कणानेही बाधतं' हे ज्या एका माणसाला पहिल्या फटक्यात कळलं ती आजीच होती. बाकी सगळे शिकलेले. त्याचं काय करायचं ते मलाही उमगलेलं नाही.

अरुंधती_क: बरं. हे उत्तर कथेपेक्षा जास्त आवडलं.

सुपारीएवढा: 'थोड्याने काय होतं' हा प्रश्न मला खरंच पडलाय. नैवेद्याचा तुकडा नखाएवढा. त्याने खरोखर काही होतं, की हे मानसिक आहे? उपहास नाही, विचारतोय.

दहीपोहे: हिशेब करून बघू. नखाएवढा पोळीचा तुकडा साधारण एक ग्रॅम धरा. पुरणपोळीत पुरण जास्त, कणीक कमी, म्हणून त्यात पाव ग्रॅम कोरडं पीठ धरू, म्हणजे 250 मिलिग्रॅम. गव्हाच्या पिठात साधारण दहावा हिस्सा ग्लूटेन. म्हणजे त्या तुकड्यात 25 मिलिग्रॅम. दिवसाला 10 मिलिग्रॅमपर्यंत बहुतेकांना चालून जातं असं मानतात, आणि रोज 50 मिलिग्रॅम तीन महिने दिल्यावर आतड्याला इजा झालेली अभ्यासात दिसली आहे. तेव्हा एका तुकड्याने मुक्ता आजारी पडून दवाखान्यात गेली नसती. पण तिचा दिवस त्या तुकड्यापाशी संपत नाही. तो झाला प्रसाद, मग कुरडई, मग भजी ज्या तेलात कुरडई तळली त्याच तेलातली, आणि संध्याकाळी हळदीकुंकवाला शेजारच्यांचा शिरा. 'वर्षातनं एक दिवस' म्हणता म्हणता श्रावण ते दिवाळी असे किती दिवस येतात ते मोजा.

हिंगाचा हिशेब मात्र उलटा पडतो. चाळीस माणसांच्या आमटीत अर्धा ग्रॅम हिंग घातला आणि त्यातलं निम्मं पीठ निघालं, तरी पाव ग्रॅम पीठ चाळीस जणांत वाटलं जातं. एकेकाच्या वाटीत ग्लूटेन एक मिलिग्रॅमसुद्धा येत नाही. त्यामुळे मला विचाराल तर मला हिंगापेक्षा तेल, झारा आणि गिरणीचं पीठ जास्त घाबरवतं.

कोथिंबीरजुडी: हे आमच्या डॉक्टरांना पटणार नाही. ते म्हणतात हिंग रोज पोटात जातो, प्रत्येक भाजीत, आमटीत, लोणच्यात तर चमच्याने. आणि डबीत किती पीठ आहे ते लिहिलेलं नसतं.

दहीपोहे: लोणच्याचं बरोबर आहे. तिथे माझा हिशेब चालत नाही. मी रुग्णांना बिनगव्हाचा हिंगच घ्यायला सांगते, कारण तो मिळतो. पण तो नाही मिळाला म्हणून मुलगी लग्नात उपाशी बसली, असं व्हायला नको एवढंच.

जातं_आणि_मी: गिरणीचा उल्लेख आला म्हणून लिहितो. आमची वडिलांपासूनची गिरणी आहे. लोक विचारतात, तांदूळ दळायच्या आधी गिरणी साफ केली का? आम्ही हो म्हणतो. खरं काय, तर वरचं तोंड झटकतो. पाट्यांच्या आत, पिठाच्या नळीत आणि खालच्या पिशवीत आधीच्या गिऱ्हाइकाचं पीठ राहतंच. पुढचं धान्य टाकलं की तेच आधी बाहेर येतं. म्हणून ज्वारी घेऊन आलेली बाई 'आधी काय दळलं?' विचारते. तिला भाकरी चिकट व्हायला नको असते, तिचा आजाराशी काही संबंध नसतो.

गव्हाचं आजिबात नको असेल तर एक वाट आहे. एकादशीच्या आधी किंवा नवरात्रात आम्ही एक दिवस फक्त उपासाचं दळतो. राजगिरा, वरई, साबुदाणा. त्या दिवशी गिरणी उघडून धुतो, कारण उपासाच्या पिठात गहू आला तर लोक भांडायला येतात. त्या दिवशी यायचं, पण पहिल्या नंबरला नाही. दहा-बारा जणांचं उपासाचं होऊ द्या, मग तांदूळ टाका.

दहीपोहे: हे मला वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. उद्यापासून सांगते.

जातं_आणि_मी: शंभर टक्के म्हणून नका सांगू. हवेत पीठ असतंच आमच्याकडे. माझ्या भुवया बघा.

पाकातली_चकली: चिकाबद्दल विचारायचं होतं. गहू भिजवून वाटून गाळतो तेव्हा चोथा टाकून देतो. तो चिवट भाग म्हणजेच ग्लूटेन ना? मग खाली बसलेला चीक तर नुसता स्टार्च झाला. काकू तशी अगदीच चूक नव्हती.

दहीपोहे: चांगला प्रश्न, आणि हो, काकू निम्मी बरोबर होती. चिवट भाग बराचसा चोथ्यात जातो. परदेशात कारखान्यात धुऊन धुऊन काढलेला गव्हाचा स्टार्च असतो, तो तपासून, किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन असेल तरच 'ग्लूटेनमुक्त' म्हणून विकतात. घरी आपण फडक्याने गाळतो, तीन-चार पाणी बदलतो. त्यात किती उरलं हे डोळ्यांनी कळत नाही आणि घरचा चीक कुणी प्रयोगशाळेत नेत नाही. म्हणून नको.

मुंबईचा_पाऊस: माझं वजन 84 आहे आणि थायरॉइड आहे. ग्लूटेन बंद केलं तर किती दिवसांत फरक पडतो? पुरणाच्या मुटक्याची कृती मिळेल का?

दहीपोहे: वजनासाठी पुरणाचा मुटका? :) एक काम मात्र करा, शंका असेल तर गहू बंद करायच्या आधी रक्त तपासा. थायरॉइडच्या काही प्रकारांत सिलिॲक सोबत सापडतो. आधी गहू सोडला आणि मग तपासलं तर रिपोर्ट खोटा चांगला येऊ शकतो, आणि पुन्हा महिना-दीड महिना रोज गहू खाऊन तपासावं लागतं. मुक्तासारख्यांना ते फार जड जातं.

मुंबईचा_पाऊस: आधीच दोन महिने बंद केलाय. कृती मिळाली असती तर बरं झालं असतं.

सुपारीएवढा: मूळ कथेबद्दल एक राहिलं. तिचं भरलेलं पान गाईला घातलं. पण कुरडईखालचा वरणभात तिच्याच डब्यातला होता ना? आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायला तिच्या डब्यात तेवढं उरलं होतं का?

कोथिंबीरजुडी: भात उरला नव्हता. दुसऱ्या पानावर आमटी, भजी आणि पुरण होतं. ते मी लिहायचं टाळलं.